ताईंच्या कार्डासाठी चार ओळी, आणि खाली सह्या

«आमच्या अकाउंट्समधल्या ताईंचा सोमवारी वाढदिवस आहे आणि कार्डावर यमक जुळवून काहीतरी गमतीशीर लिहायचं काम माझ्यावर आलंय. ताई आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या आहेत. बिलावर सही नसली की ‘थांबा जरा’ म्हणून परत पाठवतात, पण खणात सगळ्यांसाठी लिमलेटच्या गोळ्या ठेवतात. मी हे केलंय:
पुन्हा वाढदिवस आला,
आकडा एकने पुढे गेला,
बिलं अडवता अडवता
केसांचा रंग उडून गेला.
चालेल का? कुणाला खटकायला नको.»

हे कार्डावर लिहू नका. ताई कदाचित हसतीलही, पण चारचौघांत हसण्यावाचून त्यांना पर्याय नसतो, म्हणून त्या हसण्यावर विसंबू नका. वय आणि केस हे विषय ऑफिसच्या कार्डावर नकोतच. वजन, लग्न, मुलंबाळं, पगार आणि रजा हेही त्याच रांगेतले. ‘बिलं अडवता अडवता’ हे मला जास्त खटकलं. अडवणं म्हणजे मुद्दाम खोळंबा करणं, आणि ताई तर त्यांचं काम नीट करताहेत. हेच कार्ड उद्या साहेबांच्या हातात पडलं तर ती तक्रार वाटेल.

पूर्वी मी एका सहकाऱ्याच्या कार्डावर त्याच्या उशिरा येण्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. रोज सगळे त्याला त्यावरून चिडवायचे आणि तोही हसायचा. नेमकं त्याच आठवड्यात त्याला उशिराबद्दल लेखी समज मिळाली होती, आणि ते मला ठाऊक नव्हतं. कार्ड वाचून त्याने ते पाकिटात परत ठेवलं आणि जेवायला निघून गेला. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: जी गोष्ट तो माणूस स्वतः कौतुकाने सांगेल, तीच कार्डावर घ्यायची. ताई गोळ्यांबद्दल स्वतः सांगतील. सहीबद्दलही सांगतील, कारण सहीचा काटेकोरपणा हा त्यांचा अभिमान आहे. म्हणजे तुमच्या हातात दोन उत्तम गोष्टी आहेत आणि तिसरीची गरज नाही.

आता यमक. तुमच्या ओळींत ‘आला, गेला, गेला’ आहे. क्रियापदाच्या शेपटाला शेपूट जुळवणं सोपं असतं, पण ते कानाला लागत नाही, कारण मराठीत अर्धी वाक्यं तशीच संपतात. शेवटच्या अक्षराबरोबर त्याच्या आधीचा स्वरही जुळला की कान टवकारतो. ‘पाळी’ आणि ‘गोळी’ हे अर्धंच यमक, ‘ओळी’ आणि ‘गोळी’ हे पूर्ण. दुसरं म्हणजे तुमच्या ओळींची लांबी सारखी नाही. पहिलीत नऊ अक्षरं आहेत आणि बाकी तिन्हींत दहा-दहा. मोठ्याने वाचलंत की दुसऱ्या ओळीशी जीभ अडखळेल.

म्हणून अष्टाक्षरी घ्या. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला. लहान अभंगाचे चरणही आठच अक्षरांचे असतात, त्यामुळे ही चाल आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीची आहे. ह्रस्व-दीर्घाचा हिशेब लागत नाही, जोडाक्षर एकच धरायचं आणि मोजणी लिहिण्याप्रमाणे करायची, उच्चाराप्रमाणे नाही. ‘बिल’ आपण एका दमात म्हणतो, पण मोजताना दोन अक्षरं.

एक अडचण पहिल्याच ओळीत येते. ‘वाढदिवस’ हा शब्द एकटाच पाच अक्षरं खातो. ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ म्हटलं की नऊ होतात, आणि ओळ फुटते. तेव्हा शुभेच्छांचं पूर्ण वाक्य कवितेत कोंबू नका, ते वर मथळा म्हणून साध्या गद्यात लिहा. कवितेत ‘वाढदिवस ताईंचा’ घ्या. पाच आणि तीन, बरोबर आठ.

आता जोडणी. ‘बिल परत येतं’ ही गंमत असेल तर यमकाला ‘परत’ येऊ दे. त्याला जुळणारा शब्द गोळ्यांच्या बाजूने शोधायचा. मला आधी ‘हसत’ सुचला, पण तिथे फक्त शेवटचा ‘त’ जुळतो. मग ‘सरत’ सापडला: गोळ्या कधी सरत नाहीत. ‘परत’ आणि ‘सरत’ यांत शेवटची दोन्ही अक्षरं जुळतात, आणि पहिल्या दोन ओळींतला कडकपणा पुढच्या दोन ओळींत विरघळतो. दुसऱ्या कडव्यात सहीची गोष्ट उलटी फिरवली, कारण कार्डावर तर सगळ्यांच्याच सह्या असणार आहेत.

ताई, वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

सही नाही? थांबा जरा!
बिल येणार परत;
खणातल्या गोळ्या मात्र
नाहीत कधी सरत.

वाढदिवस ताईंचा,
कार्डावर चार ओळी;
खाली सगळ्यांच्या सह्या,
आता मिळेल ना गोळी?

बोटांवर मोजून बघा: स-ही-ना-ही-थां-बा-ज-रा. आठही ओळी अशाच बसतात. ‘ताई परत पाठवतात’ असं न म्हणता ‘बिल येणार परत’ म्हटलंय, म्हणजे बोट ताईंकडे न जाता बिलाकडे जातं. आणि कुठेही ‘तू’ नाही. कवितेत ‘तू’ सहज येतो आणि गोडही वाटतो, पण खाली सही करणाऱ्यांत कालच रुजू झालेली मुलंही असणार, त्यांच्या तोंडी तो शोभणार नाही. म्हणून मी पूर्ण कविता अशी रचली की ताईंना थेट हाक मारायची वेळच येत नाही. ती हाक मथळ्यात आहे, आणि तेवढी पुरते.

पुढे कधी दुसऱ्या कुणासाठी हे वापरायचं झालं तर ‘दादांचा’ किंवा ‘सरांचा’ बिनधास्त घाला, दोन्हींत तीनच अक्षरं आहेत. ‘मॅडमचा’ मात्र चार अक्षरांचं आहे, ओळ नऊवर जाईल.

कार्ड अप्पा बळवंत चौकातून घेणार असाल तर आतून साधा, न चकाकणारा कागद असलेलं बघा. गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई वाळायला वेळ लागतो, आणि वीस जण एकामागून एक सही करताना ती तळहाताने फासली जाते. साधं बॉलपेन सगळ्यात बरं. कविता डाव्या पानावर लिहा आणि उजवं पान पूर्ण सह्यांसाठी मोकळं सोडा. शुक्रवारी सकाळीच कार्ड फिरवायला काढा, म्हणजे घरून काम करणाऱ्यांसाठी जागा ठेवता येईल आणि ते सोमवारी सकाळी आल्या आल्या सही करतील. या कार्डावर सही राहून गेली तर शेवटच्या ओळीची मजाच जाईल, आणि ताई तर पहिल्यांदा सह्याच मोजतील.