पेमेंट प्रोसेसिंगवर अडकलं तर

प्रश्न: ऑनलाइन कार्डाने पैसे भरताना बँकेने पाठवलेला ओटीपी कोड टाकला आणि पान प्रोसेसिंगवरच अडकलं. दहा मिनिटं नुसतं चक्र फिरतंय. रिफ्रेश करू का? पैसे गेले की नाही हे कसं कळणार?

उत्तर:

रिफ्रेश करू नका आणि मागे जायचं बटणही दाबू नका. ती टॅब आहे तशी राहू द्या. दुसऱ्या टॅबमध्ये किंवा फोनवर बँकेचं ॲप उघडून शेवटचे व्यवहार बघा. दुसरी टॅब उघडल्याने पहिलीला काही होत नाही.

मी एका ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं पेमेंटचा मेळ घालायचं काम केलंय. सकाळी आलं की एका बाजूला आमच्या ऑर्डर, दुसऱ्या बाजूला गेटवेची, म्हणजे दुकान आणि बँक यांच्यामध्ये पेमेंटची ने-आण करणाऱ्या सेवेची यादी, आणि ज्या ओळी जुळत नाहीत त्या शोधत बसायचं. न जुळणाऱ्या ओळीमागे बहुतेक वेळा असंच कुणाचं तरी अडकलेलं पान असायचं. म्हणून पडद्याच्या मागे काय चाललेलं असतं ते आधी सांगतो. ते कळलं की काय बघायचं हे आपोआप कळतं.

बँकेचा कोड स्वीकारला गेला म्हणजे पैसे गेले, असं जवळजवळ सगळे धरून चालतात. तसं नसतं. कोडने एवढंच सिद्ध होतं की कार्ड वापरणारा माणूस तुम्हीच आहात. पैशांना अजून कुणी हात लावलेला नसतो. कोड बरोबर ठरला की बँकेचं पान तुमच्या ब्राउझरला निकाल देऊन दुकानाच्या साइटकडे परत पाठवतं. हा निकाल नव्या पद्धतीत मागच्या दारानेही दुकानाच्या बाजूला कळवला जातो, पण तुमच्या समोरचं पान पुढे सरकतं ते ब्राउझर परत पोचल्यावरच. थोडक्यात, या टप्प्यात निरोप्याचं काम तुमच्याच ब्राउझरकडे असतं.

निकाल पोचला की गेटवे तुमच्या बँकेला खरी मागणी करतो: या कार्डावर एवढी रक्कम राखून ठेवा. बँक हो म्हणाली की सोबत सहा अक्षरांचा किंवा आकड्यांचा अप्रूव्हल कोड देते. खात्यातली वापरता येणारी शिल्लक कमी होते ती या क्षणी, आणि पैसे गेल्याचा संदेश निघतो तोही याच वेळी. रक्कम दुकानाकडे प्रत्यक्ष वळती होणं ही आणखी पुढची पायरी आहे. ती सहसा त्यानंतर, सगळ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याबरोबर होते.

आता पान कुठे अडकलं असेल? एक तर ब्राउझर निकाल घेऊन परत येताना नेटवर्क गेलं. मग बहुधा पैसे मागितलेच गेले नाहीत. किंवा मागणी गेली आहे आणि बँकेचं उत्तर यायला उशीर होतोय. किंवा मंजुरी मिळाली, पैसे राखून झाले, फक्त ‘झालं’ असं सांगणारं पान तुमच्यापर्यंत आलं नाही. तीन अगदी वेगळ्या गोष्टी, पण पडद्यावर तिन्हींसाठी तेच एक चक्र फिरत असतं. म्हणून त्या पानाकडे कितीही वेळ बघितलं तरी त्यातून काही कळत नाही.

रिफ्रेशचा धोका इथेच आहे. साधं वाचायचं पान रिफ्रेश केलं तर ब्राउझर तेच पान पुन्हा मागवतो, बिघडत काही नाही. पण पेमेंटच्या मधलं पान बहुतेक वेळा फॉर्म पाठवून आलेलं असतं. ते रिफ्रेश केलं की ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवायला निघतो. ब्राउझर कधी कधी ‘Confirm Form Resubmission’ असं विचारतो ते त्यासाठीच. घाईत आपण तिथेही हो म्हणून मोकळे होतो.

नीट बांधलेली साइट अशा वेळी फसत नाही. प्रत्येक प्रयत्नाला तिने एक ओळखक्रमांक दिलेला असतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की ती नवे पैसे मागत नाही, आधीचाच निकाल दाखवते. पण साइट नीट बांधलेली आहे की नाही हे बाहेरून तुम्हाला दिसत नाही, आणि स्वतःच्या पैशांवर त्याची परीक्षा घ्यायचं कारण नाही. मागे जाऊन पुन्हा ‘पैसे भरा’ दाबणं तर याहून वाईट, कारण त्यातून बऱ्याच साइट्सवर नवीन क्रमांकाची नवीन ऑर्डर तयार होते. मग त्या संरक्षणाचाही उपयोग नाही. यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगळ्या वस्तू घेतल्या.

आमच्याकडचं एक प्रकरण सांगतो. एका गृहस्थांनी एका रात्रीसाठी खोली बुक केली. ९:४२ ला कोड टाकला, आणि तीन सेकंदांत बँकेची मंजुरी आमच्या गेटवेकडे आली. नेमका त्या वेळी आमचा सर्व्हर दमला होता, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर चक्रच फिरत राहिलं. ९:४४ ला त्यांनी मागे जाऊन पुन्हा पैसे भरले. नवा कोड आला, तो त्यांनी टाकला, या वेळी पान झटकन उघडलं आणि बुकिंग पक्कं झालं. ते निर्धास्त झाले. इकडे वीस मिनिटांनी आमच्या यंत्रणेने गेटवेला पहिल्या ऑर्डरचं काय झालं ते विचारलं, गेटवेने ‘मंजूर’ सांगितलं, आणि तीही ऑर्डर पक्की झाली. माझ्या यादीत दोन ओळी होत्या: रक्कम तीच, कार्डाचे शेवटचे चार आकडे तेच, पण ऑर्डर क्रमांक दोन आणि अप्रूव्हल कोडही दोन. एका माणसाच्या नावावर एकाच रात्रीच्या दोन खोल्या. चूक आमची होती, पण पैसे अडकले त्यांचे.

या प्रकरणात त्यांना थांबवू शकणारी एक गोष्ट घडली होती: दुसरा कोड आला. तुम्ही आधीच्या प्रयत्नाचा कोड टाकलेला असताना पुन्हा नवा कोड आला, तर समजा की दुसरा व्यवहार सुरू झालाय. तो कोड टाकू नका. बँकेने कोड मागितला असेल तर तो न टाकता तो व्यवहार पुढे जात नाही. मात्र जिथे कार्ड साठवून ठेवलेलं असतं आणि साइट दर वेळी कोड मागत नाही, तिथे ही शेवटची अडकाठी नसते, हे ध्यानात ठेवा.

आता खात्री कशी करायची. बँकेच्या ॲपमध्ये व्यवहारांची यादी बघा, फक्त संदेशांवर विसंबू नका. संदेश उशिरा येतात, कधी येतच नाहीत. आणि कोड देणारा संदेश वेगळा, रक्कम गेल्याचा वेगळा. घाबरलेला माणूस पहिल्यालाच दुसरा समजतो. यादीत ‘Pending’ दिसलं तर रक्कम राखून ठेवली आहे, दुकानाकडे अजून गेलेली नाही. नंतर हीच नोंद पक्की होते किंवा नाहीशी होते. पक्की होताना काही ॲप्समध्ये थोडा वेळ दोन्ही नोंदी एकत्र दिसतात आणि पैसे दोनदा गेल्यासारखं वाटतं. नोंद उघडून अप्रूव्हल कोड दिसतो का बघा. कोड एकच असेल तर पेमेंट एकच आहे. दोन वेगळे असतील तर खरोखर दोनदा गेलेत.

मग दुकानाच्या साइटवर दुसऱ्या टॅबमधून ‘माझ्या ऑर्डर’ उघडा आणि ईमेल बघा. दोन्हीकडचं एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. बँकेत नोंद आहे आणि ऑर्डरही पक्की आहे: अडकलेली टॅब खुशाल बंद करा. बँकेत काही नाही आणि ऑर्डरही नाही: लगेच पुन्हा भरू नका. मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात बँकेचं उत्तर उशिरा येऊ शकतं, त्यामुळे अर्ध्या तासाने दोन्हीकडे परत बघा. तेव्हाही काही नसेल तर पुन्हा भरायला हरकत नाही.

बँकेत नोंद आहे पण ऑर्डर नाही, किंवा ‘अपूर्ण’ दिसते, ही सगळ्यात त्रासाची अवस्था. इथेही पुन्हा पैसे भरू नका. दुकानाची यंत्रणा बऱ्याचदा स्वतःच गेटवेला विचारून ऑर्डर पक्की करते. नाही केली तर दुकान ती मंजुरी रद्द करतं, किंवा ती मुदत संपून आपोआप सुटते आणि राखलेली रक्कम मोकळी होते. त्याला काही दिवस लागू शकतात. अशा वेळी खात्यात ‘परतावा’ अशी वेगळी जमा शोधत बसू नका, ती सहसा येत नाही. पैसे गेलेलेच नव्हते, राखलेले होते, त्यामुळे फक्त ती ‘Pending’ ओळ गायब होते आणि शिल्लक पूर्ववत होते. लोक महिनाभर जमेची वाट बघत बसायचे आणि शिल्लक केव्हाच परत आलेली असायची! वेगळी जमा सहसा दिसते ती रक्कम दुकानाकडे वळती होऊन मग परत आली तर.

आणि फारच निकड असेल, थांबलं तर जागाच जाईल, तर निदान नवी ऑर्डर करू नका. ‘माझ्या ऑर्डर’मध्ये त्याच अपूर्ण ऑर्डरवर पुन्हा पैसे भरायची सोय असेल तर ती वापरा. ऑर्डर क्रमांक तोच राहिला की आधीची मंजुरी लक्षात यायची शक्यता बरीच वाढते, आणि दोनदा गेलेच तरी दोन्ही एकाच ऑर्डरखाली सापडतात.

दुकानाला कळवताना साइटवरच दिलेल्या संपर्कावर कळवा. सर्च करून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका, तिथे ठग बसलेले असतात. मजकूर असा पुरतो: “आज अमुक वाजता पेमेंट केलं, ऑर्डर क्रमांक हा, रक्कम ही, कार्डाचे शेवटचे चार आकडे हे. बँकेत मंजुरी दिसते, अप्रूव्हल कोड हा. तुमच्याकडे ऑर्डर अपूर्ण आहे. ऑर्डर पक्की करा किंवा मंजुरी रद्द करा.” अप्रूव्हल कोड आणि वेळ दिली असेल तर माझ्यासारख्या माणसाला ती ओळ सापडायला मिनिट लागतं. नुसतं ‘पैसे गेले पण बुकिंग नाही’ असं आलं की त्या दिवसाची सगळी यादी चाळावी लागते. पूर्ण कार्ड क्रमांक आणि बँकेचा कोड मात्र कुणालाच देऊ नका. तुमची ऑर्डर शोधायला त्यांची गरजच पडत नाही.