उपायानंतर उरलेली आणि उपायातून आलेली जोखीम

प्रश्न: उपाय केल्यावर नोंदवहीतली जोखीम बंद करायची का, आणि उपायामुळेच नवी जोखीम आली तर ती कुठे लिहायची?

उत्तर: बंद करू नये, उरलेली जोखीम त्याच ओळीत ठेवावी आणि उपायातून आलेलीला स्वतंत्र ओळ द्यावी. समजा, क्रमांक ७ वर ‘एकमेव पुरवठादाराकडून सुटे भाग उशिरा येणे’ ही जोखीम आहे, तिची शक्यता ४ व परिणाम ५, म्हणजे दोन्हींचा गुणाकार करून गुण २० आहेत, आणि उपाय म्हणून दुसरा पुरवठादार नेमला. शक्यता २ वर आली तरी परिणाम ५ च राहतो, म्हणून उरलेले गुण १०. मात्र हा आकडा करार झाल्यावर नव्हे, तर पहिला माल वेळेवर आल्यावरच बदलावा. नव्या पुरवठादाराचे भाग मापात न बसणे ही क्रमांक १९ ची जोखीम, ‘उगम: ७’ अशा उल्लेखासह आणि स्वतःच्या जबाबदार व्यक्तीसह नोंदवावी, कारण शेऱ्यात लिहिलेल्या जोखमीवर कोणाचेच लक्ष राहत नाही.