एसआयपीने सरासरी होते, तोटा टळत नाही

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पीककर्ज फेडून यंदा 6 लाख रुपये हातात उरलेत. पुण्याचा भाचा म्हणतो, एकदम टाकू नका, म्युच्युअल फंडात दरमहा 50 हजारांची एसआयपी वर्षभर करा, भावाची सरासरी होते आणि तोटा होत नाही. मुलगी आत्ताच दहावी झाली, दोन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या फीसाठी 3 लाख लागतील. काय करावं?

नमस्कार. सरासरी होते, हे भाच्याचं पहिलं वाक्य बरोबर आहे. तोटा होत नाही, हे दुसरं चुकीचं आहे, आणि तुमच्या लेकीची फी नेमकी त्या दुसऱ्या वाक्याच्या भरवशावर ठेवली जाणार आहे.

सरासरी कशी होते ते बघा. दरमहा 10 हजार टाकले आणि चार महिन्यांत युनिटचा भाव 50, 40, 25, 40 असा राहिला, तर 200, 250, 400 आणि 250 अशी 1,100 युनिटं मिळतात. खर्च 40 हजार, म्हणजे एका युनिटला 36 रुपये 36 पैसे पडले. चार भावांची साधी सरासरी मात्र 38 रुपये 75 पैसे येते. रक्कम ठरलेली असल्यामुळे स्वस्तात आपोआप जास्त युनिटं घेतली गेली, म्हणून हा फरक. भाव वरखाली होत राहिला की तो पडतोच. शेवटच्या 40 च्या भावाने तुमचे 44 हजार झालेले दिसतील.

पण पैसे काढायच्या दिवशी भाव 30 असला, तर त्याच 1,100 युनिटांचे 33 हजार येतात. सात हजार गेले. सरासरी तीच आहे, पण विकताना भाव काय मिळेल हे तिच्या हातात नाही.

आता चढता बाजार घ्या. भाव 40, 50, 80 असा गेला, तर तीन हप्त्यांच्या 30 हजारांत 575 युनिटं येतात, त्यांची किंमत 46 हजार. तेच 30 हजार पहिल्या दिवशी टाकले असते तर 750 युनिटांचे 60 हजार झाले असते. नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो, म्हणून त्याची एसआयपी महिन्याची. तुमचे पैसे आधीच हातात आहेत. ते तुकड्यांनी टाकणं म्हणजे काही पैसे बाजाराबाहेर थांबवणं. उद्याच भाव पडला तर धक्का कमी बसतो, चढला तर कमाईही कमी होते.

शिवाय वर्षं जातात तसा नव्या हप्त्याचा जोर कमी होतो. दहा वर्षांत 12 लाख भरल्यावर पुढचा 10 हजारांचा हप्ता एकूण सरासरी जेमतेम हलवतो, मात्र बाजार पडला की सगळी पुंजी एकदम खाली येते. 23 मार्च 2020 ला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी 7,610 वर बंद झाला, आणि जून 2014 च्या अखेरीलाही तो जवळपास तिथेच होता. मधली बहुतेक खरेदी त्याहून वरच्या भावात झालेली, त्यामुळे जवळपास सहा वर्षं नेमाने हप्ते भरणाराही, लाभांश सोडला तर, त्या दिवशी तोट्यात दिसत होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये निफ्टीने नवा उच्चांक केला. ज्याला थांबता आलं त्याचं भागलं, पण कॉलेजची फी थांबत नाही.

म्हणून फीचे 3 लाख इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये, घालू नका, एसआयपीनेही नाही. प्रवेशाच्या आधी मुदत संपेल अशी बँकेची एफडी करा. मोहोराच्या फवारण्या आणि मजुरी यांसाठी तुम्हाला लागेल ती रक्कम, समजा 1 लाख, बचत खात्यात किंवा अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडात वेगळी ठेवा. भाच्याच्या योजनेची दुसरी अडचण इथेच आहे. हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती रद्द होते. बागेच्या खर्चाच्या महिन्यांत हेच होईल.

उरलेले 2 लाख निदान सात-आठ वर्षं लागणार नसतील तरच निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या इंडेक्स फंडात न्या. एकदम टाकलेत तरी माझी हरकत नाही. पण पुढच्याच महिन्यात 20 टक्के घट दिसली तर घाबरून काढून घ्याल असं वाटत असेल, तर पैसे लिक्विड फंडात ठेवून एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप वळवायच्या सोयीने, दहा महिने दरमहा 20 हजार इंडेक्स फंडात वळवा. जास्त नफ्याच्या आशेने हे करू नका, ते फक्त तुम्ही टिकून राहावं म्हणून आहे. एसटीपीचा प्रत्येक हप्ता लिक्विड फंडातली विक्री धरला जातो. आंब्याचं उत्पन्न करमुक्त असलं तरी त्या विक्रीवरचा नफा करपात्र असतो. इंडेक्स फंडाला एक्झिट लोड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी पैसे काढल्यास कापला जाणारा आकार, असेल तर त्याची मुदतही प्रत्येक हप्त्याची वेगळी मोजतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ती विचारून घ्या.