पित्तनलिकेतला खडा, थंडीताप आणि ईआरसीपीची घाई

प्रश्न: आई ७१ वर्षांची, आम्ही वाळपईचे. तीन दिवस हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे. सोनोग्राफीत पित्तनलिका १३ मिमी फुगलेली, आत खडा. बिलिरुबिन ६.८, पांढऱ्या पेशी १९,०००, प्लेटलेट ९२,०००, डेंग्यू निगेटिव्ह. कालपासून सलाइनमधून अँटिबायोटिक चालू, ताप १०० वर आलाय. दिवसभर झोपूनच असते, थकली असेल. डॉक्टर म्हणतात आजच बांबोळीला नेऊन ईआरसीपी करा. ताप पूर्ण जाऊन अंगात थोडी ताकद आल्यावर, चार दिवसांनी केलं तर चालणार नाही का?

उत्तर:

थांबू नका, आजच हलवा. ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तुंबलेली पित्तनलिका मोकळी करणं, आणि ती आजच व्हायला हवी. तुम्ही ताप उतरल्याचं ठळकपणे लिहिलंय, पण खरी काळजी करायची ती झोपून राहण्याची आणि प्लेटलेटची. त्याकडे येतोच. आधी ताप उतरूनही धोका का टळत नाही ते बघा.

यकृत दिवसाला साधारण ६०० मिली ते १ लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनलिकेतून खाली लहान आतड्यात उतरत राहतं आणि या वाहण्यामुळेच नलिका स्वच्छ राहते. खडा अडकला की पित्त साचतं, आतड्यातले जंतू (बहुतेक वेळा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला) त्यात वाढतात आणि नलिकेतला दाब चढतो. एरवी हा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर ७ ते १४ सेंटिमीटर असतो. तो २०-२५ च्या वर गेला की जंतू भरलेलं पित्त उलट्या दिशेने यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत ढकललं जातं, म्हणजे थेट रक्तात. हुडहुडी भरते ती त्यामुळे. यालाच अक्यूट कोलँजायटिस म्हणतात. दुखणं पित्तनलिकेचं असलं तरी जिवावर बेततं ते रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे.

आता अँटिबायोटिकचं. नलिका बंद असली की औषध पित्तात नीट उतरतच नाही, कारण ज्या वाटेने ते पित्तात यायचं तीच तुंबलेली असते. रक्तातले जंतू मात्र ते मारतं, म्हणून ताप १०३ वरून १०० वर येतो. गळवात पू साठलेला असताना गोळ्यांनी ताप उतरतो, पण पू काढल्याशिवाय गळू बसत नाही, तसंच हे. आत साठा आणि दाब दोन्ही कायम आहेत, आणि तिथून जंतू रक्तात येतच राहतात. वयस्कर माणसांत तर ताप उतरणं हे शरीर दमल्याचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे एकट्या थर्मामीटरवर विसंबू नये.

सगळ्यांनाच इतकी घाई लागते असं नाही. सौम्य कोलँजायटिस अँटिबायोटिकवर आवरतो आणि ईआरसीपी सवडीने करता येते. म्हणून डॉक्टर आधी तीव्रता ठरवतात, त्यासाठी २०१८ चे टोकियो निकष सगळीकडे वापरले जातात. तुमच्या आईंचे आकडे त्यावर लावून बघू. पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, बिलिरुबिन ५ च्या वर: असे दोन निकष भरले की आजार मध्यम तीव्रतेचा ठरतो. तेवढ्यावरही चार दिवस थांबणं बरोबर नाही. पण याच निकषांत प्लेटलेट १ लाखाच्या खाली असणं आणि भानावर परिणाम होणं हे अवयव बिघडू लागल्याचं लक्षण धरतात, आणि यातलं एक जरी असलं तरी आजार सर्वांत तीव्र गटात जातो. प्लेटलेट तर ९२,००० आहेतच. झोपेचं आत्ताच तपासा. आईंना हाक मारून उठवा आणि आज वार कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण बसलंय ते विचारा. उत्तर अडखळत आलं, चुकलं किंवा बोलता बोलता डोळे मिटले, तर ती थकवा नाही, ग्लानी आहे. लगेच नर्सना सांगा. त्याबरोबर रक्तदाब, किडनीचं क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर विचारून घ्या. क्रिएटिनिन २ च्या वर किंवा आयएनआर १.५ च्या वर असेल तर तेही याच गटातलं.

एक शंका तुमच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे: पावसाळ्यात सत्तरी तालुक्यात थंडीताप, कावीळ आणि कमी प्लेटलेट म्हटलं की लेप्टो किंवा मलेरिया का नसेल? असू शकतो, म्हणून रक्ताची ती तपासणीही पाठवायलाच हवी. पण लेप्टोमध्ये पित्तनलिका १३ मिमी फुगत नाही आणि तिच्यात खडा दिसत नाही. तुमच्याकडे सोनोग्राफीत तुंबणं स्पष्ट दिसलंय, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत गाडी अडवून ठेवू नका. (उलटी चूकही होते: नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूआड दडतं, खडा दिसत नाही, आणि 'सोनोग्राफीत काही नाही' म्हणत आठवडाभर कावीळीचा झाडपाला चालतो. कावीळीसोबत हुडहुडी असेल तर झाडपाल्यात वेळ घालवायचाच नाही.)

'ताकद येऊ दे' या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. रक्तदाब ढासळलेला असताना थेट टेबलावर घेत नाहीत. आधी सलाइन, ऑक्सिजन, गरज पडली तर रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनलिन, अशी काही तासांची तयारी लागते. पण ती तासांची असते, दिवसांची नव्हे. युरोपीय एंडोस्कोपी संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीव्र आजारात निचरा शक्य तितक्या लवकर, आणि सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला असेल तर १२ तासांच्या आत करावा असं म्हटलंय. मध्यम आजारात ४८ ते ७२ तासांच्या आत. चार दिवस यातल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. तुंबलेलं मोकळं झाल्याशिवाय अंगात ताकद यायचीही नाही.

ईआरसीपी म्हणजे मोठं ऑपरेशन, अशी भीती असेल तर आज नेमकं काय करतील ते समजून घ्या. तातडीच्या वेळी पहिलं काम निचऱ्याचं असतं, खडा काढायचं नव्हे. तोंडातून बाजूला बघणारी दुर्बीण लहान आतड्याच्या दुसऱ्या भागापर्यंत नेतात. तिथे पित्तनलिकेचं तोंड दिसतं, कधी कधी त्यातून पू डोकावत असतो. त्यातून बारीक तार खड्याच्या बाजूने वर सरकवतात. आधी थोडं पित्त ओढून घेतात, त्यातलं काही कल्चरला जातं, आणि मगच एक्स-रेसाठी डाय सोडतात, तोही अगदी जेमतेम. तुंबलेल्या नलिकेत जोरात डाय भरला तर दाब आणखी चढतो आणि टेबलावरच जंतू रक्तात जातात. मग तारेवरून प्लास्टिकचा स्टेंट बसवतात, ७ किंवा १० फ्रेंच मापाचा. १० फ्रेंच म्हणजे जेमतेम ३.३ मिमी जाडीची नळी. खडा जागच्या जागी राहतो, पण पित्त नळीतून खाली उतरतं आणि दाब तिथल्या तिथे पडतो. काही ठिकाणी स्टेंटऐवजी नाकातून बाहेर येणारी नळी ठेवतात, मग पिशवीत पित्त किती आणि कोणत्या रंगाचं येतंय ते दिसत राहतं.

बाहेर आल्यावर 'खडा काढलाच नाही' असं कळलं की नातेवाईक चिडतात. पण तो विचारपूर्वक सोडलेला असतो. खडा काढायला नलिकेचं तोंड कापावं लागतं, आणि रक्त नीट गोठत नसताना तो छेद रक्तस्राव देतो. कावीळ तुंबण्याची असली की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर चढतो, म्हणून १० मिग्रॅ व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देतात. तुमच्या ९२,००० प्लेटलेटवर नुसता स्टेंट टाकायला सहसा अडचण येत नाही. आई क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं घेत असतील तर मात्र आधीच सांगा.

धोके आहेत. मुख्य म्हणजे स्वादुपिंडाला सूज. ती टाळायला प्रक्रियेच्या वेळी डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिग्रॅ सपोझिटरी देतात, किडनी साथ देत असेल तर. नंतर पोटात वर, पाठीकडे जाणारं जोराचं दुखणं आलं तर ते सांगायचं. दुर्बिणीने तार आत गेलीच नाही, किंवा आधी जठराचं ऑपरेशन झालं असेल, तर रेडिओलॉजिस्ट बरगड्यांमधून सुईने यकृतातल्या फुगलेल्या नलिकेत नळी टाकतात. पोट उघडून निचरा करणं हा आता शेवटचा मार्ग. हाँगकाँगमध्ये तीव्र कोलँजायटिसच्या ८२ रुग्णांवर तुलना झाली होती, १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली: ऑपरेशनने निचरा केलेल्यांत ३२ टक्के दगावले, दुर्बिणीने केलेल्यांत १० टक्के.

निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, फोन करून ईआरसीपी करणारी टीम आज उपलब्ध आहे का ते विचारायला सांगा. नसेल तर कुठे होईल हे वाळपईतच ठरवा, कॅज्युअल्टीच्या दारात नको. १०८ ने जा, स्वतःच्या गाडीने नको, कारण वाटेत रक्तदाब पडला तर सलाइन आणि ऑक्सिजन लागेल. आत्तापासून खायला देऊ नका. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, अँटिबायोटिकचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते कागदावर घ्या. ब्लड कल्चर आधीच घेतलं असेल तर तेही लिहून घ्या. लघवीकडे लक्ष ठेवा: ५० किलो वजनाला तासाला २५ मिलीपेक्षा कमी होऊ लागली तर किडनीवर ताण आलाय.

स्टेंट बसल्यावर ताप आणि ग्लानी बहुधा एक-दोन दिवसांत निवळते. डोळ्यांचा पिवळेपणा मात्र आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, त्याने घाबरू नका. अँटिबायोटिकचे ४ ते ७ दिवस निचरा झाल्यापासून मोजतात, आधीचे दिवस त्यात धरत नाहीत. दोन दिवसांनीही हुडहुडी येत असेल तर स्टेंट सरकला, तुंबला किंवा यकृतात गळू झालंय का ते सीटी स्कॅनवर बघावं लागतं.

आणि घरी सोडताना कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. खडा दुसऱ्या ईआरसीपीत काढतील, पित्ताशय नंतर दुर्बिणीतून. बरं वाटतंय म्हणून प्लास्टिकचा स्टेंट तीन महिन्यांपुढे आत राहिला तर तो गाळाने बुजतो, आणि मग खडा, थंडीताप, कावीळ हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.