बेकमनमध्ये कोणता गट सरकतो?

प्रश्न: सर, मी खानापूरची, बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बेकमन रिअरेंजमेंटला क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, 'मायग्रेटरी ॲप्टिट्यूड बघा, फिनाइल आधी, मिथाइल नंतर.' पुस्तकात आहे, 'ओएचच्या अँटी असलेला गट सरकतो.' ॲसिटोफिनोन ऑक्झाइमला दोन्हींनी उत्तर ॲसिटॅनिलाइडच येतं. मग फरक कुठं पडतो? आणि प्रॅक्टिकलमध्ये कोणता गट सरकला हे कळणार कसं?

उत्तर:

पुस्तकातलं धर. नोट्समधला नियम बेयर-व्हिलिगरचा आहे, तो इथं आणून चिकटवलेला आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून पीयूसीला एकदम इंग्रजीत आलेली आपल्याकडची मुलं असे दोन नियम शेजारी शेजारी पाठ करतात आणि पेपरात जो आधी आठवेल तो लिहितात. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बेयर-व्हिलिगरमध्ये गट सरकायच्या वेळी मधल्या कार्बनला चारही बंध एकेरी असतात. त्यामुळे रेणूला फिरायला वाव असतो आणि दोन्हींपैकी कोणताही गट योग्य जागी येऊ शकतो. मग ज्याची सरकण्याची क्षमता जास्त तो जातो. ऑक्झाइममध्ये कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध आहे, तो फिरत नाही. ओएच एका बाजूला वाकलेला असतो, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला जो गट बसला आहे तो तिथंच बसलेला राहतो.

आम्ल काय करतं? ओएचला प्रोटॉन देऊन त्याचं पाणी करतं, म्हणजे सहज निघून जाणारा गट करतं. पीसीएल-फाइव्ह किंवा थायोनिल क्लोराइड वापरलं तरी काम हेच, फक्त निघणारा गट वेगळा. नायट्रोजन-ऑक्सिजन बंध तुटू लागतो त्याच वेळी मागच्या बाजूनं कार्बनवरचा गट आपली इलेक्ट्रॉन जोडी घेऊन नायट्रोजनवर येतो. बंध तुटणं आणि गट सरकणं एकाच दमात होतं, आणि मागच्या बाजूला म्हणजे अँटी बाजूला असलेल्या गटालाच हे जमतं. सिन बाजूच्या गटाची क्षमता कितीही असली तरी त्याचा बंध त्या रेषेत नसतो.

यातून नायट्रिलियम आयन तयार होतो. ॲसिटोफिनोनच्या बाबतीत तो CH3–C≡N⁺–C6H5. त्याच्या कार्बनवर पाणी येऊन बसतं, प्रोटॉन इकडचा तिकडे होतो आणि अमाइड मिळतं. एवढं लक्षात ठेव की सरकलेला गट नेहमी नायट्रोजनवर सापडतो आणि न सरकलेला गट C=O जवळ राहतो. उत्तर लिहून झालं की उलट वाचून बघ. ॲसिटॅनिलाइड, CH3CONHC6H5, यात फिनाइल नायट्रोजनवर आहे, म्हणजे फिनाइल सरकला.

आता तुझा खरा मुद्दा. ॲसिटोफिनोनचं उदाहरण दोन नियमांत फरक दाखवूच शकत नाही. ऑक्झाइम बनताना ओएच मोठ्या फिनाइलपासून लांब, मिथाइलच्या बाजूला जातो. हा ई-आयसोमर. साहजिकच फिनाइल अँटी बाजूला येतो आणि तोच सरकतो. मोठा गट आणि क्षमतेच्या यादीत वरचा गट इथं योगायोगानं एकच आहे, म्हणून चुकीच्या नियमानंही उत्तर बरोबर येतं.

फरक बघायचा तर असा कीटोन घे ज्याच्या एका बाजूला साधा फिनाइल आणि दुसऱ्या बाजूला पॅरा-मेथॉक्सीफिनाइल आहे. दोन्ही गट जवळपास सारखेच जाड, त्यामुळे ऑक्झाइमचे दोन्ही आयसोमर बनतात. क्षमतेचा नियम म्हणेल की दोन्हींमधून मेथॉक्सीवालाच सरकेल, कारण तो इलेक्ट्रॉनांनी श्रीमंत आहे. पण आयसोमर फिरणार नाहीत अशी काळजी घेतली, तर ज्यात ओएच साध्या फिनाइलच्या अँटी आहे त्यात साधा फिनाइलच सरकतो आणि मेथॉक्सीवाला C=O जवळ राहतो. दुसऱ्या आयसोमरमधून बरोबर उलटं अमाइड येतं. परीक्षेत असा प्रश्न आला आणि आकृतीत ओएच कोणत्या बाजूला आहे हे दाखवलं असेल, तर उत्तर त्या आकृतीतच असतं. म्हणूनच C=N–OH सरळ रेषेत काढू नकोस. नायट्रोजनवर ओएच वाकवून काढ. सरळ काढलास की कोण सरकणार ही माहितीच कागदावरून पुसली जाते.

हा अँटी नियम सिद्ध व्हायलाही वेळ लागला. बेकमननं ही क्रिया 1886 मध्ये दाखवली. 1890 मध्ये हान्त्श आणि वेर्नर यांनी ऑक्झाइमचे दोन आयसोमर दुहेरी बंधामुळे पडतात असं मांडलं, पण शेजारचे, म्हणजे एकाच बाजूचे गट जागा बदलतात असं तेव्हा धरलं जात होतं. त्यामुळे जुन्या लिखाणात सिन-अँटी नावं उलटी सापडतात. 1921 मध्ये माइझेनहाइमरनं हे निकालात काढलं, आणि त्याची युक्ती मला आजही फार आवडते.

त्यानं ट्रायफिनाइल आयसोक्साझोल घेतलं. हे पाच अणूंचं कडं आहे, ज्यात नायट्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी आहेत. कड्यातच अडकल्यामुळे ऑक्सिजन कोणत्या बाजूला आहे याबद्दल वादच नाही, तो कड्यातल्या कार्बनच्या बाजूलाच असणार, आणि कड्याबाहेरचा फिनाइल त्याच्या विरुद्ध. मग ओझोननं कड्यातला कार्बन-कार्बन दुहेरी बंध तोडला. C=N ला हात लागला नाही. हाती आलं बेन्झिल मोनोऑक्झाइमचं बेन्झॉइल रूप, ज्यात ऑक्सिजन बेन्झॉइल गटाच्या बाजूला आणि फिनाइल अँटी आहे, हे कड्यावरूनच ठरलेलं. या आयसोमरची बेकमन केली की बेन्झॉइलफॉर्मिक आम्लाचं ॲनिलाइड मिळतं, C6H5CO–CO–NHC6H5. नायट्रोजनवर फिनाइल आहे, म्हणजे अँटी गट सरकला.

पण नियम पक्का असला तरी हातातलं ऑक्झाइम पक्कं राहतंच असं नाही. प्रोटॉन मिळालेला ऑक्झाइम आम्लात एका आयसोमरमधून दुसऱ्यात जाऊ शकतो. त्यामुळे शुद्ध आयसोमर टाकूनही कधी दोन अमाइडांचं मिश्रण मिळतं. लोक मग म्हणतात, 'सिन गट सरकला.' तसं नसतं. आयसोमर आधी फिरला आणि मग त्याचा अँटी गट सरकला. आयसोमर जपायचा असेल तर कोरड्या ईथरमध्ये पीसीएल-फाइव्ह, थंड ठेवून, हा जुना आणि बरा मार्ग. गरम, तीव्र आम्लात ही खात्री देता येत नाही.

आता प्रॅक्टिकल. या क्रियेचा नेहमीचा प्रयोग म्हणजे बेन्झोफिनोन ऑक्झाइमपासून बेन्झॅनिलाइड. छान पांढरं, 163 अंशांना वितळणारं घन मिळतं. पण त्यात दोन्ही बाजूंना फिनाइलच आहे, तेव्हा कोण सरकला हा प्रश्न त्या प्रयोगात उभाच राहत नाही. सरांना विचारून ॲसिटोफिनोन ऑक्झाइमवर कर.

ऑक्झाइम 1.35 ग्रॅम, म्हणजे 0.01 मोल, घे. ते कोरडं आणि शुद्ध असू दे, साधारण 59-60 अंशांना वितळायला हवं. त्यात पॉलिफॉस्फोरिक आम्ल साधारण 15 ग्रॅम घाल, उकळत्या पाण्याच्या बाथवर ढवळत दहा-पंधरा मिनिटं ठेव आणि मग बर्फावर ओत. कढत सल्फ्युरिक आम्लात ऑक्झाइम एकदम टाकू नकोस. ही क्रिया स्वतःच बरीच उष्णता सोडते आणि मिश्रण उसळून अंगावर येऊ शकतं.

वजनानं किंवा रेणुसूत्रानं इथं काहीच कळणार नाही. ऑक्झाइम, ॲसिटॅनिलाइड आणि मिथाइल सरकल्यास मिळणारं एन-मिथाइल बेन्झामाइड, तिन्हींचं सूत्र C8H9NO, रेणुभार 135. मेल्टिंग पॉइंट मात्र वेगळे आहेत. ॲसिटॅनिलाइड 114, एन-मिथाइल बेन्झामाइड 80 च्या आसपास. कच्चं उत्पादन चिकट निघालं आणि ॲसिटोफिनोनचा गोडसर वास आला, तर आम्लात पाणी होतं आणि ऑक्झाइम उलटं कीटोनमध्ये गेलं आहे असं समज.

बहुतेक मुलं फसतात ती पुढच्या पायरीला. ॲसिटॅनिलाइड गरम पाण्यातून रीक्रिस्टलाइज करतात, 114 येतं आणि वहीत लिहितात, 'फक्त फिनाइल सरकला.' पण एन-मिथाइल बेन्झामाइड पाण्यात जास्त विरघळतं, ते गाळलेल्या पाण्यात निघून गेलेलं असू शकतं. स्वच्छ स्फटिकाचा मेल्टिंग पॉइंट स्फटिकाबद्दल सांगतो, क्रियेबद्दल नाही. म्हणून कच्च्या घनाचा थोडा भाग आधीच बाजूला काढ. विद्यापीठात एनएमआर करून मिळत असेल तर उत्तम. ॲसिटॅनिलाइडचा मिथाइल 2.1 च्या जवळ एकच रेघ देतो, एन-मिथाइलचा 3.0 च्या जवळ दुहेरी. दोन्हीकडे तीन-तीन हायड्रोजन असल्यामुळे क्षेत्रफळांचं गुणोत्तर हेच दोन अमाइडांचं प्रमाण.

एनएमआर नसेल तर गाळलेलं पाणी आटव आणि उरलेला घन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रिफ्लक्स कर. थंड झाल्यावर बेन्झोइक आम्लाचे पांढरे स्फटिक पडले, 122 अंशांना वितळणारे, तर काही ठिकाणी मिथाइल सरकला होता. ते गाळून उरलेल्या द्रावणात 0 ते 5 अंशांना सोडियम नायट्राइट घाल, मग ते अल्कलीतल्या बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओत. नारिंगी-लाल रंग आला तर ॲनिलिन आहे, म्हणजे फिनाइल सरकला. मिथिलअमाइन हा रंग देत नाही.

एक मर्यादाही सांगतो, कारण तोंडी परीक्षेत विचारतात. अँटी बाजूला टर्शरी ब्युटाइलसारखा गट असेल तर तो नायट्रोजनवर जाण्याऐवजी स्थिर कार्बोकॅटायन होऊन सुटून जातो आणि मागे नायट्राइल राहतं. पिनाकोलोन ऑक्झाइममधून असं ॲसिटोनायट्राइल मिळतं. गंमत म्हणजे सुटलेला कॅटायन त्याच नायट्राइलच्या नायट्रोजनला परत चिकटला, तर शेवटी एन-टर्शरी-ब्युटाइल ॲसिटामाइडच दिसतं, जणू साधी बेकमनच झाली. तेव्हा असा गट असताना नुसतं अपेक्षित अमाइड मिळालं यावरून गट थेट सरकला असं लिहू नकोस.