बजेटच्या सुरुवातीच्या चार पानांबद्दल

कमिटीवरच्या नवीन मेंबरांसाठी बजेटच्या सुरुवातीला घालायच्या चार पानांचा, म्हणजे शब्दसूची आणि बजेट वाचायच्या गाईडचा, तुझा मसुदा वाचला. आधी शब्दसूची. मेहनत दिसतेय, पण खरं सांगतो, हा असाच छापला तर नवीन मेंबर तो एकदा चाळतील आणि थेट शेवटच्या टोटलवर जातील. तू अकाउंट्सच्या पुस्तकातले साठ शब्द अकारविल्हे लावलेस आणि प्रत्येकाची व्याख्या दिलीस. पण माणूस व्याख्या वाचायला बसत नाही, तो पान ४७ वर अडकतो आणि मग मागे वळून उत्तर शोधतो. म्हणून आधी बजेट उघड, एकेक पान बघत जा आणि जिथे नवखा माणूस अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर. ज्या शब्दावर खूणच पडली नाही तो काढून टाक, बजेटमध्ये जो शब्द आलाच नाही तो तर नकोच नको.

एक नोंद घेऊन दाखवतो. तू लिहिलंयस, 'सुधारित अंदाज : मूळ अंदाजात केलेली सुधारणा.' यातून कुणाला काय कळणार? मी असं लिहीन : 'सुधारित अंदाज : वर्षाचे काही महिने उलटल्यावर, तोवरचा खर्च बघून आणि उरलेल्या महिन्यांचा नव्याने हिशोब धरून काढलेला पूर्ण वर्षाचा आकडा. हा प्रत्यक्ष खर्च नाही. प्रत्येक विभागाच्या तक्त्यात तिसरा कॉलम. मंजूर आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर पैसे वाचले की काम पुढे ढकललं, हे खालच्या टिपेत बघा.' लांबलं, मान्य आहे, पण यात तो आकडा काय आहे, काय नाही, कुठे सापडतो आणि बघून काय विचारायचं हे चारही आलं. प्रत्येक नोंद एवढी मोठी नको, पण ज्या सात-आठ शब्दांवर मीटिंगमध्ये वाद होतात त्यांना तरी एवढी जागा दे.

आता गाईडबद्दल. तू 'बजेट कसे वाचावे' या मथळ्याखाली संस्थेची उद्दिष्टं आणि बजेट तयार व्हायची प्रक्रिया लिहिलीस. त्याऐवजी एकच ओळ घे आणि ती डावीकडून उजवीकडे वाचून दाखव. समज 'इमारत दुरुस्ती' ही ओळ घेतली, आकडे लाखात. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च ४२, चालू वर्षाला मंजूर ५०, चालू वर्षाचा सुधारित अंदाज ३८, पुढच्या वर्षासाठी प्रस्तावित ५५. नवीन मेंबर ५० आणि ५५ बघतो आणि म्हणतो दहा टक्के वाढ, ठीक आहे. शेजारचा ३८ आणि ५५ बघतो आणि म्हणतो अहो ही तर पंचेचाळीस टक्के वाढ, कापा हिला. दोघांचंही गणित बरोबर आहे आणि दोघंही चुकतायत, कारण मंजूर ५० मध्ये छताच्या कामाचे १२ होते, ते काम यंदा सुरूच झालं नाही, म्हणून सुधारित ३८ वर आलं, आणि तेच १२ पुढच्या वर्षीच्या ५५ मध्ये परत बसलेत. छत बाजूला काढलं तर नेहमीची दुरुस्ती ३८ वरून ४३ वर चाललीय, म्हणजे ५ लाखांची वाढ. कमिटीने चर्चा करायची ती या पाच लाखांवर, आणि वेगळा प्रश्न विचारायचा तो छतावर : काम का रखडलं आणि पुढच्या वर्षी तरी होणार का.

हा उतारा गाईडमध्ये जसाच्या तसा घाल, फक्त आकडे आपल्या बजेटमधल्या खऱ्या ओळीचे घे आणि पानाचा नंबर दे, म्हणजे वाचणारा पान उघडून बोट ठेवून पडताळू शकेल. काल्पनिक उदाहरण दिलंस तर माणूस मान डोलावतो आणि खऱ्या तक्त्यावर परत अडतो.

याच ओळीचा धागा पुढे ने, कारण खरा घोळ तिथे होतो. छताचे १२ लाख यंदा खर्च झाले नाहीत तर ते गेले कुठे? काही संस्थांमध्ये न वापरलेली तरतूद वर्षअखेरीला रद्द होते आणि पुढच्या वर्षी नव्याने मागावी लागते, काही ठिकाणी ती पुढे ओढतात. पुढे ओढली असेल तर ते १२ वर्षअखेरच्या शिल्लक रकमेत बसलेले असतात आणि बघणाऱ्याला मोकळे पैसे वाटतात. शिल्लक १२० लाख दिसतेय म्हणून कुणीतरी उत्साहाने नवीन प्रस्ताव मांडतो. प्रत्यक्षात त्यातले ८० देणगीदारांनी ठरावीक कामासाठीच दिलेले असू शकतात, २५ आधीच कबूल केलेल्या कामांचे असतात, आपलं छत त्यातच, आणि हातात उरतात १५. ही फोड तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, तू नुसतं 'शिल्लक : जमेतून खर्च वजा जाता उरलेली रक्कम' एवढंच लिहिलंयस. ते त्या एका वर्षापुरतं ठीक आहे, पण इथला १२० चा आकडा अनेक वर्षांचा साठलेला आहे. बजेटमध्ये दोन्हींना शिल्लकच म्हटलंय, पान ९ वर एका अर्थाने आणि शेवटच्या तक्त्यात दुसऱ्या. शब्दसूचीत दोन अर्थ देऊन हे सुटणार नाही. अकाउंट्सवाल्यांकडे जा आणि तक्त्यांतच 'वर्षाची शिल्लक' आणि 'साठलेली शिल्लक' असं करून घे. ते कुरकुर करतील, फॉर्मॅट जुना आहे म्हणतील, पण हट्ट सोडू नकोस, कारण हे एकदा बदललं की दरवर्षीचं समजावणं वाचतं.

बारीकसारीक गोष्टी एका चौकटीत टाक आणि ती चौकट पहिल्या पानावर वर ठेव : आकडे लाखात आहेत की हजारात, कंसातला आकडा म्हणजे वजा, आकडे जवळच्या पूर्णांकात धरल्यामुळे टोटलमध्ये एकाचा फरक दिसू शकतो, आणि सुधारित अंदाज कोणत्या तारखेपर्यंतचा खर्च धरून केलाय. ही शेवटची तारीख बहुतेक वेळा राहून जाते, आणि ती नसेल तर सुधारित आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे कुणालाच ठरवता येत नाही, सहा महिन्यांवर केलेला अंदाज आणि दहा महिन्यांवर केलेला यात फार फरक असतो.

मसुदा झाला की मला आधी पाठवू नकोस, मला हे सगळं माहीत असल्यामुळे मी अडणारच नाही. या वर्षी कमिटीवर आलेल्या दोघांना दे, एकेकाला वेगवेगळं बसव, आणि तीन प्रश्न विचार : इमारत दुरुस्तीत खरी वाढ किती, आज नवीन कामाला मोकळे पैसे किती, आणि छताचं काम पुढच्या वर्षी नाही झालं तर कोणता आकडा बदलेल. तू मध्ये बोलू नकोस, नुसतं बघ ते कोणत्या पानावर जातात, कुठे मागे येतात, कोणता शब्द शोधतात आणि तो सूचीत सापडतो का. उत्तर चुकलं तर त्यांना समजावत बसू नकोस, ती जागा नव्याने लिही. तिसऱ्या प्रश्नावर दोघंही अडले तर समज की कॉलमांचा उतारा अजून कच्चा आहे.

आणि पानांचे नंबर अगदी शेवटी, छपाईला जायच्या आदल्या दिवशी परत तपास, कारण मधल्या काळात कुणीतरी एखादा तक्ता घुसडतोच आणि सगळे नंबर एकाने पुढे सरकतात.