कॅटलॉग एक्झिक्युटिव्हच्या कव्हर लेटरमध्ये अ‍ॅट्रिब्यूट डेटाचा अनुभव कसा मांडावा

प्रश्न: दोन वर्षं लहान इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या लिस्टिंगचं काम करतोय. आता एका मोठ्या ऑनलाइन दुकानात कॅटलॉग एक्झिक्युटिव्हसाठी अर्ज करतोय. जाहिरातीत लिस्टिंग क्वालिटी आणि अ‍ॅट्रिब्यूट डेटा यांवर भर आहे. मी लिहिलेलं कव्हर लेटर बायोडेटाचीच दुसरी प्रत वाटतंय. 'फिल रेट ९८ टक्के' असं लिहू का? आणि त्यांचं टूल मी वापरलेलं नाही, ते सांगावं का?

उत्तर:

कॅटलॉग टीमसाठी माणसं निवडताना मी बरीच पत्रं वाचतो. बहुतेकांत 'हजारो लिस्टिंग केल्या', 'बारकाईने काम करतो', 'बल्क अपलोडचा अनुभव आहे' हीच वाक्यं असतात. त्यातलं खोटं काही नसतं, पण त्यावरून माणूस डेटाकडे कसा बघतो हे कळत नाही. मला पत्रात एकच गोष्ट हवी असते: डेटात नेमकी कोणती चूक होती, ती कशी सापडली, बरोबर काय ते कशावरून ठरवलं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. असं एक प्रकरण नीट सांगितलेलं असेल तर बाकीचं पत्र चार ओळींत आटोपलं तरी चालतं.

तुमचं क्षेत्र इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं आहे, म्हणून त्यातलंच एक उदाहरण रचून दाखवतो. आकडे माझे आहेत, पण चूक अगदी नेहमीची आहे.

ब्लूटूथ स्पीकरची १२ मॉडेलं आहेत, प्रत्येक ५ रंगांत, म्हणजे एकूण ६० लिस्टिंग. सगळ्यांचं पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग IP67 आहे. टेम्प्लेट भरणाऱ्याने प्रत्येक मॉडेलच्या पहिल्या रंगासमोर IP67 लिहिलं आणि कोपरा धरून खालच्या चार ओळींवर ओढलं. शेवटी आकडा असलेला मजकूर असा ओढला की एक्सेल तो एकेकाने वाढवत नेतं. त्यामुळे पाच रंगांना IP67, IP68, IP69, IP70 आणि IP71 अशी रेटिंगं मिळाली.

आता फाइल अपलोड होते. या रेटिंगमधला पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा असतो आणि तो ६ च्या पुढे जात नाही. म्हणून IP70 आणि IP71 मान्य मूल्यांच्या यादीत नसतात आणि त्या २४ ओळी एरर रिपोर्टमध्ये परत येतात. त्या दुरुस्त होतात. पण IP68 आणि IP69 ही खरोखरची रेटिंगं आहेत. यादीत ती दोन्ही असली तर त्या २४ ओळी बिनबोभाट आत जातात. रिपोर्ट कोरा, रकाना पूर्ण भरलेला, फिल रेट १०० टक्के. प्रत्यक्षात ६० पैकी ३६ ओळीच बरोबर आहेत, म्हणजे अचूकता ६० टक्के.

हा फरक लहान नाही. IP67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत बुडालं तरी चालेल. IP68 त्याच्या पलीकडचं असतं, किती खोल आणि किती वेळ हे निर्माता सांगतो. IP69 तर जोरदार दाबाच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासाठी असतं. फिल्टरमध्ये IP68 निवडून ज्याने निळा स्पीकर घेतला, त्याला आपण चुकीची हमी दिलेली असते. स्पीकर बिघडल्यावर तो परत येतो, कारण म्हणून 'वर्णनाप्रमाणे नाही' नोंदवलं जातं, आणि तेच मॉडेल काळ्या रंगात मात्र तक्रारीविना विकलं जात असतं. एकाच मॉडेलच्या काही रंगांवरच अशा परती साचत असतील तर वस्तूपेक्षा आधी डेटा तपासावा.

रिपोर्ट कोरा असताना ही चूक पकडायची कशी? रंग बदलला म्हणून संरक्षणाचं रेटिंग बदलत नाही, या साध्या नियमावरून. एकाच पॅरेंटखालच्या लिस्टिंगमध्ये दोन वेगळी रेटिंगं दिसली की तिथे थांबायचं. A रकान्यात पॅरेंट एसकेयू आणि F मध्ये रेटिंग असेल तर हे पुरतं:

```
=COUNTIFS(A:A,A2,F:F,"<>"&F2)
```

उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं की तो गट संशयास्पद. कोणतं मूल्य बरोबर हे मात्र सूत्र सांगत नाही. ते निर्मात्याच्या तांत्रिक माहितीपत्रकावरून किंवा खोक्यावरच्या छापील मजकुरावरून ठरवायचं. शीर्षकावर विसंबू नये, कारण शीर्षक बऱ्याचदा त्याच शीटमधून तयार झालेलं असतं आणि चूक दोन्हीकडे सारखीच उतरते. पुढच्या वेळी ओढण्याऐवजी Ctrl+D ने खाली उतरवायचं म्हणजे आकडा वाढत नाही, आणि वरची तपासणी अपलोडच्या आधी करायची.

तुमच्याकडे अगदी हीच चूक असेल असं नाही. बॅटरीची क्षमता तासांच्या रकान्यात गेली असेल, वजन ग्रॅमऐवजी किलोत पडलं असेल, १३ अंकी बारकोड एक्सेलने घातांकाच्या रूपात दाखवला आणि फाइल CSV म्हणून साठवल्यावर शेवटचे अंक शून्य झाले असतील. जे स्वतः निस्तरलं असेल तेच घ्या. जाहिरात मात्र आधी नीट वाचा. तिथे नवीन लिस्टिंग तयार करण्यावर भर असेल तर अपलोडच्या आधीची तपासणी पुढे आणा, आणि चालू कॅटलॉग सुधारण्यावर असेल तर चूक शोधून काढल्याचा भाग.

आता ९८ टक्क्यांचं. नुसतं 'फिल रेट ९८ टक्के' लिहू नका. वाचणाऱ्याच्या मनात लगेच तीन प्रश्न येतात: फक्त अनिवार्य रकाने धरले की ऐच्छिकही? 'लागू नाही' किंवा 'इतर' असं भरलेलं मोजलं का? आणि भरलेलं बरोबर होतं हे कोणी पाहिलं? त्यापेक्षा फिल रेट आणि अचूकता वेगळी सांगा, आणि अचूकता कशी काढली तेही एका वाक्यात लिहा, म्हणजे किती लिस्टिंग यादृच्छिक निवडल्या आणि त्या कशाशी ताडून पाहिल्या. आकडा कमी आला तरी घाबरू नका. मोजण्याची पद्धत दिलेला ९१ मला उघड्या ९८ पेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

'माझ्या कामामुळे विक्री वाढली' हेही टाळा. त्याच काळात किंमत, साठा आणि जाहिरात बदललेली असते आणि तुमचा वाटा वेगळा काढता येत नाही. दुरुस्त केलेल्या गटात 'वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाने आलेल्या परती आधी किती होत्या आणि नंतर किती, एवढं तुमच्याकडे असेल तर तेच लिहा. नसेल तर किती लिस्टिंग दुरुस्त झाल्या इथेच थांबा.

वरच्या प्रकरणावरून पत्र साधारण असं होईल:

"महोदय / महोदया,

कॅटलॉग एक्झिक्युटिव्ह या पदासाठी अर्ज करत आहे. गेली दोन वर्षं मी लहान इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या लिस्टिंग तयार करणं, बल्क अपलोड आणि अ‍ॅट्रिब्यूट दुरुस्ती ही कामं करतो.

आपल्या जाहिरातीत अ‍ॅट्रिब्यूटच्या अचूकतेवर भर आहे, म्हणून त्याच कामातलं एक उदाहरण देतो. ब्लूटूथ स्पीकरच्या ६० लिस्टिंगमध्ये संरक्षण रेटिंगचा रकाना पूर्ण भरलेला होता आणि एरर रिपोर्टही कोरा होता. तरीही एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी रेटिंगं असल्याचं मला पॅरेंटनिहाय तपासणीत आढळलं. निर्मात्याच्या माहितीपत्रकाशी ताडून मी २४ लिस्टिंग दुरुस्त केल्या. शीट भरताना रेटिंगचा आकडा आपोआप वाढत होता, हे कारण शोधलं, आणि रंगानुसार न बदलणाऱ्या सर्व अ‍ॅट्रिब्यूटसाठी अपलोडपूर्व तपासणी सुरू केली. ती आता आमच्या टीममध्ये प्रत्येक फाइलसाठी केली जाते.

एक्सेलमध्ये पिव्हट, लुकअप आणि डेटा व्हॅलिडेशन मी रोज वापरतो. आपल्या पोर्टलचं टूल मी अजून वापरलेलं नाही. अनिवार्य रकाने, मान्य मूल्यांची यादी, अपलोड आणि एरर रिपोर्ट या क्रमाने दोन विक्री पोर्टलांवर काम केलं आहे.

प्रत्यक्ष भेटीत तपासणीची पद्धत नमुना शीटवर दाखवू शकेन.

आपला विश्वासू"

यातलं नमुना शीटचं वाक्य मनापासून लिहा आणि तशी तयारी ठेवा. नमुना शीट मात्र स्वतः बनवलेली असू द्या: काल्पनिक एसकेयू, दहा-पंधरा ओळी, दोन-तीन मुद्दाम पेरलेल्या चुका. सध्याच्या कंपनीची फाइल, विक्रेत्यांची नावं किंवा परतीचे तपशील बाहेर नेऊ नका. एका उमेदवाराने माझ्यासमोर आधीच्या ठिकाणची खरी फाइल उघडली होती. काम चांगलं होतं, पण आमच्या विक्रेत्यांचा डेटाही असाच कुठेतरी उघडला जाईल म्हणून त्याला घेता आलं नाही.

टूलबद्दल पत्रात दिलंय तसंच सरळ सांगा. टूलची बटणं नवा माणूस थोड्या दिवसांत शिकतो, शिकवायला आमच्याकडे माणसंही असतात. 'ऐच्छिक अ‍ॅट्रिब्यूटची माहिती विक्रेत्याने दिलीच नाही तर काय कराल?' हा प्रश्न मुलाखतीत बहुधा येईल. अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा ठेवा आणि विक्रेत्याकडे नेमकी कोणती माहिती मागाल ते सांगा. रिकामा रकाना निदान फिल रेटमध्ये दिसतो आणि कोणीतरी त्याच्या मागे लागतं.